प्लेटलेट्स गेल्या कुठे?

गेल्या जुलैत डिचोलीहून अंकलचा फोन आला. "मावशीच्या प्लेटलेट्स नऊ हजारांवर आल्यात. डेंग्यूच असणार. तू ग्रुपवर टाक, प्लेटलेट्स देणारं कोणी मिळतंय का बघ."

निरोगी माणसात प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतात, एवढं गोव्यात पावसाळा काढलेल्या कुणालाही माहीत असतं. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी हा आकडा मोजत रात्री जागवल्या जातात. मी लगेच मेसेज लिहिला आणि सगळ्या ग्रुपवर पाठवला. मम्मीने पेडण्याच्या घरामागच्या पपईची पानं काढली, रस करून बाटलीत भरला आणि आम्ही अस्नोड्याच्या वाटेने डिचोलीला निघालो. या गोष्टीत पहिली चूक माझी आहे. प्लेटलेट्स कमी झाल्या एवढंच मी ऐकलं. त्या गेल्या कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मावशी पलंगावर बसली होती. ताप फारसा नव्हता. पायांवर आणि दंडांवर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके होते, डोळे किंचित पिवळे दिसत होते. मला बघून हसली आणि म्हणाली, "बस गो, मला जरा चावी दे."

"कसली चावी?"

तिने टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे पाण्याचा पेला होता. "चावी, चावी," ती चिडून म्हणाली. अर्ध्या तासाने तीच मावशी नीट बोलू लागली आणि पाण्याला पाणी म्हणाली. मम्मी म्हणाली, "तापात होतं असं." पण तापामापकावर शंभरसुद्धा नव्हता. मी भाषेची विद्यार्थिनी आहे. माणसाच्या तोंडातला शब्द असा समोर नाहीसा होताना मी आधी पाहिला नव्हता आणि तो परत आला याचंच मला जास्त भय वाटलं.

जवळच्या दवाखान्यात डेंग्यूची तपासणी झाली होती, ती निगेटिव्ह आली होती. तरी "सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते" म्हणून प्लेटलेट्स चढवायचं ठरलं होतं. रक्तदाते मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा मोठ्या इस्पितळात जाऊ, असं अंकलने ठरवलं. त्या रात्री एवढा एक निर्णय अचूक ठरला.

तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी एकच गोष्ट विचारली, "हिमोग्लोबिन किती?" सात पॉइंट दोन. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा फक्त बावीस टक्के. त्या म्हणाल्या, "डेंग्यू वाढतो तेव्हा रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, हा आकडा चढतो. हिचा खाली आलाय. रक्त कुठे सांडलेलं नाही, मग तांबड्या पेशी गेल्या कुठे?" पिवळे डोळे हेच सांगत होते की पेशी आतल्या आत फुटत होत्या. मग त्यांनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही पाहू दिलं. गोल बिस्किटांसारख्या पेशींमध्ये काही तुटलेल्या होत्या, कुणी तिकोनी, कुणी अर्ध्या, कुणाला हेल्मेटसारखी कड. कात्रीने कापल्यासारख्या. रक्त गोठण्याची नेहमीची तपासणी मात्र जवळजवळ चांगली होती. प्लेटलेट्स तळाला, तांबड्या पेशी तुटलेल्या आणि गोठण्याची वेळ नीट. हे तीन एकत्र दिसले आणि दुसरं कारण सापडत नसलं की थांबायचं नसतं.

"प्लेटलेट्स देऊ नका," त्या अंकलला म्हणाल्या. "तुमच्या माणसांना प्लाझ्मा लागणार आहे, ते सांगा."

आजाराचं नाव थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, थोडक्यात टीटीपी. नाव ऐकून अंकल माझ्याकडे बघायला लागले. मराठीत सांगायचं काम माझ्यावर आलं. तेव्हा जे तुटक सांगितलं, ते आता नीट सांगते.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून एक लांब धाग्यासारखं प्रथिन बाहेर सुटत असतं. त्याला फॉन विलेब्रांड घटक म्हणतात. जखम झाली की प्लेटलेट्स या धाग्याला चिकटतात आणि रक्त थांबतं. सुटताना हे धागे फार लांब असतात आणि जितका धागा लांब तितका तो चिकट. म्हणून रक्तात एक विकर, म्हणजे एन्झाइम, फिरत असतं. त्याचं नाव अ‍ॅडॅमटीएस-१३. धागा प्रवाहात ताणला गेला की ते त्याला ठरलेल्या जागी कापतं. मावशीच्या शरीराने या कात्रीविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली होती. कात्री निकामी झाली, धागे लांबच राहिले.

आमच्याकडे खाजन शेतीत मानशीच्या तोंडाला जाळं लावतात. जाळं वेळेवर काढलं नाही तर पाचोळा अडकत जातो आणि पाणी तुंबतं. बारीक रक्तवाहिन्यांत तेच होतं. न कापलेल्या धाग्यांच्या जाळ्यात प्लेटलेट्स अडकतात, इवल्या इवल्या गुठळ्या होतात. तांबड्या पेशी त्यातून दाबाने जाताना चिरल्या जातात. म्हणजे मावशीच्या प्लेटलेट्स हरवल्या नव्हत्या. त्या मेंदूत, हृदयात, मूत्रपिंडात गुठळ्या होऊन बसल्या होत्या. मेंदूतली एखादी बारीक वाट काही वेळ तुंबली की शब्द जात होता, मोकळी झाली की परत येत होता. अशा वेळी बाहेरून प्लेटलेट्स देणं म्हणजे जाळ्यात आणखी पाचोळा टाकणं. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच त्याचा विचार करतात.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला तो न्यूयॉर्कच्या डॉक्टर एली मोशकोविट्झ यांनी, १९२४ साली. सोळा वर्षांची मुलगी होती, काही दिवसांतच गेली. शवविच्छेदनात तिच्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी भरलेल्या दिसल्या. कसलं तरी जहाल विष असावं, असं त्यांना वाटलं. त्यानंतर कित्येक वर्षं या आजारात दहातले नऊ रुग्ण दगावत. १९७०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की निरोगी माणसाचा प्लाझ्मा दिला की काही रुग्ण उठून बसतात. का, ते कळत नव्हतं. १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी १०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नुसता प्लाझ्मा चढवला, निम्म्यांचा प्लाझ्मा काढून बदलला. सहा महिन्यांनी नुसता चढवलेल्यांतले ६३ टक्के जिवंत होते, बदललेल्यांतले ७८ टक्के. मोठ्या माणसात ही कात्री प्रतिपिंडांमुळे निकामी होते, हा पुरावा १९९८ साली आला. उपाय आधी हाती आला, कारण मागाहून.

कारण कळल्यावर बदलणं का सरस, तेही उलगडतं. दात्याच्या प्लाझ्मात धडधाकट कात्री असते, ती मिळते. रुग्णाचा प्लाझ्मा काढला की त्यातली प्रतिपिंडं आणि लांब धागे त्याच्याबरोबर बाहेर जातात. शिवाय जेवढं काढलं तेवढंच भरल्यामुळे भरपूर प्लाझ्मा देता येतो, हृदयावर पाण्याचा भार पडत नाही.

अ‍ॅडॅमटीएस-१३च्या तपासणीसाठी मावशीचं रक्त आधी काढून ठेवलं, कारण दात्याचा प्लाझ्मा एकदा गेला की त्याच्यातली कात्रीच मोजली जाते. निकाल यायला दिवस लागणार होते, पण उपचार त्याच्यासाठी थांबले नाहीत. मशीनची तयारी होईपर्यंत रात्री नुसता प्लाझ्मा सुरू केला आणि स्टेरॉइडही दिलं. सकाळी मानेच्या शिरेत जाड नळी घातली.

हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. मावशीचं वजन ५२ किलो. किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे सुमारे ३,६४० मिलिलिटर. त्यात तांबड्या पेशी २२ टक्के, उरलेला ७८ टक्के प्लाझ्मा, म्हणजे २.८ लिटर. एक पिशवी साधारण दोनशे मिलिलिटरची. एका दिवसाला चौदा पिशव्या. आणि रक्त देणाऱ्या एका माणसाकडून अशी एकच पिशवी निघते. चौदा पिशव्या म्हणजे चौदा माणसं, रोज.

मी आधीचा मेसेज पुसून नवा लिहिला. पेढीतल्या पिशव्या आधीच कुणीतरी देऊन गेलेलं असतं, गोठवून ठेवलेल्या असतात, तेव्हा आम्ही दाते नेले ते पुढच्यांसाठी. डिचोलीच्या वाड्यावरची पोरं आली, अंकलबरोबर पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे आले, पेडण्याहून आमचे फादर दोन मुलांना स्कूटरवर घेऊन आले.

पिशव्या कोमट पाण्यात वितळवून एकेक करून लावत. मशीनमध्ये रक्त गरगर फिरून थर वेगळे होत, तांबड्या पेशी परत जात आणि मावशीचा पिवळट प्लाझ्मा एका मोठ्या पिशवीत साठत जाई. एका बैठकीला जवळजवळ तीन तास. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ओठांना मुंग्या येतात." रक्त नळीत गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियम दिल्यावर मुंग्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी अंगावर पित्त उठलं, परक्या प्लाझ्माचं. मशीन थोडा वेळ थांबवून इंजेक्शन दिलं आणि पुन्हा सुरू केलं.

रोज सकाळी आम्ही आकडा विचारायचो. नऊ हजार, अकरा, सोळा, अडतीस, एकाहत्तर. सहाव्या दिवशी एक लाख अठ्ठावन्न. त्यानंतरही दोन दिवस बदल चालू ठेवला, कारण दीड लाखाच्या वर आकडा टिकतो का, ते पाहायचं असतं. आठ बैठका, एकशे बारा पिशव्या. तोवर निकाल आला होता. कात्रीचं काम पाच टक्क्यांच्याही खाली. दहाच्या खाली असलं की निदान पक्कं.

बरी झाली, असं मी लिहिणार नाही. प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडं निघतात, ती बनवणाऱ्या पेशी आतच राहतात. त्यांच्यासाठी स्टेरॉइड होतं, मग रिटुक्सिमॅबचे चार डोस, आठवड्याला एक. तरी हा आजार उलटू शकतो, वर्षांनीसुद्धा. म्हणून दर तीन महिन्यांनी तिच्या कात्रीची तपासणी होते. प्लेटलेट्स पडायच्या आधी कात्री मंदावते, ती तेव्हाच पकडायची.

डिसेंबरात तिच्याकडे गेले तेव्हा तिने माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, पर्समध्ये ठेवायला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. आजाराचं नाव लिहिलं, रक्तगट लिहिला. खाली लिहिलं, "माझ्या प्लेटलेट्स कमी दिसल्या तर डेंग्यू धरून चालू नका. काचपट्टीवर रक्त पाहा. प्लेटलेट्स चढवण्याआधी माझ्या डॉक्टरांना फोन करा."

मावशीने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "आणखी एक ओळ घाल. मी पाण्याला चावी म्हणाले, तर हसू नका."

मी ती ओळही घातली.