पुंजीतला किती भाग?

लोधिवली मुंबई-पुणे रस्त्यावर असल्याने रेसचे दोन्ही हंगाम मला जवळचे. पावसाळ्यात घाट चढून पुणे, थंडीत पनवेलवरून महालक्ष्मी. कुठला घोडा, यावर रेसकोर्सवर तासन्‌तास चर्चा चालते. किती लावायचे, हे मात्र खिशात हात घातल्यावर ठरतं, आणि माणसं बुडतात ती तिथे.

समजा, घरखर्चापासून वेगळी काढलेली पुंजी २०,००० आहे. दरवेळी ठरलेले ५०० लावले आणि ओळीने दहा डाव गेले, तर १५,००० उरतात. पुंजी आटली तरी ५०० तेच, म्हणजे जोखीम नकळत वाढत जाते. तरीही नवख्याने पहिला हंगाम असाच खेळावा असं माझं ठाम मत आहे. रक्कम सारखी ठेवली की आपली निवड कशी आहे, एवढंच वहीत दिसतं. उरलेल्या पुंजीच्या अडीच टक्के लावले तर पहिला डाव ५०० चाच, पण पुढचे आपोआप लहान होतात. फक्त पक्का घोडा आणि कच्चा घोडा यांत ही पद्धत फरक करत नाही.

तो फरक बेल लॅब्जमधल्या जॉन केलीच्या १९५६ च्या सूत्रात आहे. भावाला जिंकण्याच्या शक्यतेने गुणायचं, त्यातून हरण्याची शक्यता वजा करायची आणि उरेल त्याला भावाने भागायचं. भाव तीनास एक आणि घोडा शंभरात तीस वेळा जिंकेल असा माझा अंदाज असेल, तर ०.९ वजा ०.७ म्हणजे ०.२, त्याला तीनने भागलं की पुंजीचे ६.६७ टक्के, सुमारे १,३३३ रुपये.

पण हे तीस आणलं कुठून? माझ्या डोक्यातून. खरी शक्यता सत्तावीसच असली, तर सूत्राचं उत्तर २.६७ टक्क्यांवर येतं. मी त्याच्या दुपटीहून जास्त लावत असतो, आणि फायद्याचा घोडा निवडूनही पुंजी कालांतराने झिजते. शिवाय ६.६७ टक्क्यांनी ओळीने दहा डाव गेले की पुंजी निम्मी होते, आणि ती भरून काढायला दुप्पट करावी लागते. म्हणून मी सूत्राच्या निम्मंच लावतो. सत्तावीसच्या चुकीतही त्या हिशेबाने पुंजी किंचित वाढते.

भाव मात्र कर धरून घ्यायचा. सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. १०० लावायला १४० मोजायचे आणि तीनास एकने जिंकल्यावर ४०० घ्यायचे, म्हणजे बरोबरीत सुटायलाच घोडा शंभरात पस्तीस वेळा जिंकायला हवा. माझ्या तीसवाल्या घोड्यावर सूत्र आता उणे उत्तर देतं. फळ्यावर साधारण पावणेचारास एकच्या वर भाव दिसेपर्यंत त्या घोड्यावर मी काहीच लावत नाही.