मुलाखतीला होकार देण्यापूर्वी

कंत्राटी कामासाठी भरती करणाऱ्या एजन्सीचा फोन येतो तेव्हा त्यातील सारी घाई मुलाखतीची तारीख ठरविण्याची असते, आणि मोबदला, मुदत, कायम नेमणूक यांविषयीचे बोलणे "ते आपण सिलेक्शननंतर बघू" एवढ्या एका वाक्यावर तहकूब केले जाते. पुण्यातील सॉफ्टवेअरच्या व्यवसायात कायम नोकरी सोडून मी कराराची कामे पत्करू लागलो त्याला बराच काळ लोटला. आणि या अवधीत माझे जे मत पक्के झाले ते असे की, उमेदवाराच्या प्रश्नांना खरे वजन असते ते या पहिल्या संभाषणातच. कारण एजन्सी आपला बायोडेटा क्लायंटकडे धाडते तेव्हा त्यासोबत आपला दरही धाडते, आणि तो एकदा त्या कंपनीच्या दफ्तरी नोंदला गेला की निवड झाल्यावर वाढ मागणारा उमेदवार शब्द फिरविणारा ठरतो.

हिंजवडीतील एका कंपनीत डेटा इंजिनिअरची जागा असल्याचे सांगणारा फोन मला आला, तो याच मासल्याचा होता. "सहा महिने कॉन्ट्रॅक्ट, सर, मग पर्मनंट. महिना सव्वा लाख. उद्या चार वाजता इंटरव्ह्यू लावू का?" बोलणाऱ्या बाई अदबशीर होत्या आणि त्यांच्यावरही दिवसाकाठी ठराविक बायोडेटे पाठविण्याचे दडपण असते हे मी जाणून होतो. तरीही प्रथम मी क्लायंटचे नाव विचारले. एकाच जागेसाठी चार-पाच एजन्सींना काम दिलेले असते. एकच बायोडेटा दोघींकडून पोहोचला तर मालकीचा वाद नको म्हणून कित्येक कंपन्या तो उमेदवारच बाद करतात. तेव्हा नाव कळल्यावाचून संमती देऊ नये. आणि द्यावी ती ईमेलने, त्या कंपनीपुरती, त्या जागेपुरती व त्या दरापुरतीच द्यावी.

नाव कळल्यावर मी विचारले, "मॅडम, हा सव्वा लाख म्हणजे नेमके काय? पगार कोणाच्या पेरोलवर, आणि त्यात पीएफचा मालकाचा हिस्सा धरलेला आहे का?" उत्तर आले की पेरोल एजन्सीचा, आणि रक्कम 'सगळे मिळून'. या दोन शब्दांत केवढी तफावत दडलेली असते ते मांडून पाहण्याजोगे आहे. मूळ वेतन निम्मे, म्हणजे 62,500 रुपये धरले, तर त्यावर 12 टक्क्यांप्रमाणे मालकाचा हिस्सा 7,500 आणि आपला तेवढाच. सव्वा लाखातून 15,000 वजा जाऊन प्राप्तिकरापूर्वीच 1,10,000 उरतात. पीएफचे पैसे आपल्याच खात्यात साठतात हे खरे; परंतु ज्याने सव्वा लाख हातात येणार असे गृहीत धरून घराच्या हप्त्याचा हिशेब मांडला असेल त्याला हा खुलासा पहिल्या पगारपत्रकावर होऊ नये. काही एजन्सी 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवरच पीएफ कापतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी 1,800. तेव्हा कोणती पद्धत, हेही विचारावे लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न रजेचा. मला सांगण्यात आले की पगारी रजा नाही, आणि डिसेंबरअखेर क्लायंटचे परदेशी कार्यालय बंद राहते त्या दिवसांचे पैसेही मिळत नाहीत. कायम नोकरांना जी सुट्टी असते ती कंत्राटी माणसाला पगारकपात असते, ही गोष्ट आपण होऊन कोणी सांगत नाही.

यानंतर मी ज्याकरिता थांबलो होतो त्या प्रश्नाकडे आलो. "सहा महिन्यांनी पर्मनंट, असे तुम्ही म्हणता, ती जागा आज मंजूर आहे, की सहा महिन्यांनी मंजुरी मागायची आहे?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. माझ्या मते कराराकडून कायम नोकरीकडे नेणाऱ्या साऱ्या आश्वासनांची पारख या एका प्रश्नाने होते. मंजूर जागा असेल तर तिच्या वेतनश्रेणीचे नाव असते, ती ज्याच्या हाताखाली येते तो अधिकारी ठरलेला असतो, आणि एजन्सीला ही माहिती एका ईमेलने मिळविता येते; जागा नसेल तर "परफॉर्मन्सवर आहे, सर" एवढेच उत्तर मिळते. त्याला जोडून मी आणखी विचारले, की त्या टीममध्ये पूर्वी आलेल्या कंत्राटी लोकांपैकी कोणी कायम झाले काय. कायम होताना पगार आजच ठरणार की तेव्हा नव्याने घासाघीस होणार. आणि क्लायंटने मला घेतल्यास त्याला एजन्सीला शुल्क द्यावे लागते काय. हा शेवटचा प्रश्न अनेकांना उद्धट वाटतो, पण सारी मेख त्यातच असते. आपण कराराच्या कामावर असेपर्यंत एजन्सीला दरमहा आपल्या दरावर नफा मिळतो आणि आपण कायम झालो की तो थांबतो, म्हणून करारनाम्यात शुल्क असते. ते एक वर्षानंतर माफ होणार असेल, तर सहाव्या महिन्यात ते भरण्यापेक्षा बारावा महिना उजाडण्याची वाट पाहणेच क्लायंटला परवडते.

करार तोडण्याच्या अटीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. क्लायंट सात दिवसांत मोकळे करू शकतो आणि आपल्यावर मात्र साठ दिवसांच्या नोटिशीचे बंधन, असा मसुदा माझ्या पाहण्यात आहे. नोटीस दोन्हीकडून समान मागावी, एवढेच.

माझे प्रश्न ऐकून बाईंनी दुसऱ्या दिवशी नवा प्रस्ताव आणला: पेरोल नको असेल तर फ्रीलान्सर म्हणून बिल द्या, दीड लाख देऊ. आकडा मोठा, म्हणून मी पैसे येण्याचा दिवस विचारला. क्लायंट 60 दिवसांनी देणार, आणि क्लायंटकडून आल्यावर एजन्सी पंधरा दिवसांत मला देणार. म्हणजे 30 एप्रिलच्या बिलाचे पैसे जुलैच्या मध्यावर. माझी जीएसटी नोंदणी होती. तेव्हा त्या बिलावरील 18 टक्के, म्हणजे 27,000 रुपये, मासिक विवरणपत्राबरोबर 20 मेपर्यंत मला खिशातून सरकारजमा करावे लागले असते, हाती एक पैसाही आलेला नसताना. शिवाय क्लायंटने पैसे थकविले तर एजन्सीही हात वर करण्यास मोकळी. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाला 2006 च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे थांबविता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यावर "अकाउंट्सला विचारून सांगते" असे उत्तर मिळाले आणि पुढे काहीच आले नाही.

अखेरीस कायम जागेविषयी विचारणाऱ्या माझ्या ईमेलला लेखी उत्तर आले, ते त्या बाईंच्या प्रामाणिकपणाला साजेसे होते: कायम जागा मंजूर नाही, सहा महिन्यांनंतर मागणी करण्याचा विचार आहे. मग मी कायम नोकरीचा विषय बाजूला ठेवून निव्वळ कराराचे काम म्हणून दर मांडला: एजन्सीच्या पेरोलवर, मालकाचा पीएफ हिस्सा वगळून 1,40,000, महिन्याला एक पगारी रजा आणि दोन्ही बाजूंनी तीस दिवसांची नोटीस. तो मान्य झाल्याचा ईमेल आल्यावर मी मुलाखतीला होकार दिला. काम मिळाले, मुदतवाढ होऊन वर्षभर चालले, आणि त्या वर्षात त्या टीममधील एकाही कंत्राटी माणसाला कंपनीने कायम केले नाही.