कोणी सांगितलं?

किराण्याचं अ‍ॅप वाढवायचं म्हटलं की नवा माणूस आधी बक्षिसाचा आकडा विचारतो. मोठ्यांनी तसंच केलेलं त्याने पाहिलेलं असतं. गूगलचं ‘तेज’ २०१७ मध्ये आलं तेव्हा मित्राला आणलं की दोघांच्या खात्यात ५१ रुपये पडायचे. आकडासुद्धा शगुनाचा! पण पैसे पाठवायला सुदुंबरे काय आणि सोलापूर काय, खर्च तोच. साखर-डाळीचं तसं नाही, ती गाडीतून न्यावी लागते. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, ज्याला आणलं तो राहतो कुठे?

तळेगावच्या गोदामातून सुदुंबऱ्याकडे जाणारी गाडी घ्या. हिशेबाला सोपे आकडे धरू. ड्रायव्हर, डिझेल, सगळं मिळून एका फेरीचा खर्च ६०० रुपये. एक पिशवी सरासरी ६०० रुपयांची आणि तिच्यात आपल्याला सुटतात ७२ रुपये. गाडीत दहाच पिशव्या असल्या तर प्रत्येकीवर वाहतुकीचे ६० रुपये बसतात आणि हातात १२ उरतात. वीस पिशव्या झाल्या की वाहतूक ३० वर येते आणि ४२ उरतात. पण खरी गंमत पुढच्या पिशवीत आहे. गाडी त्या गल्लीत जाणारच आहे. शेजारच्या दारात आणखी एक पिशवी उतरवायला चार-पाच मिनिटं जातात, म्हणजे फार तर आठ रुपये. त्या शेजारणीच्या ७२ मधले ६४ आपलेच. तिला आणण्यासाठी दोन्हीकडे मिळून १०० रुपये खर्च केले, तरी दुसऱ्या ऑर्डरीला ते वसूल होतात.

आता तेच १०० रुपये जिथे गाडी जातच नाही अशा गावातल्या मावसबहिणीवर खर्च करा. ते कधीच परत येत नाहीत. सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. पुण्यतिथीच्या उत्सवाला राज्यभरातून माणसं येतात, जेवणाच्या पंगतीत गप्पा होतात, लिंका फिरतात. त्या दिवसांत इन्स्टॉलचा आलेख उंच उडालेला पाहून ऑफिसात पेढे वाटू नयेत. लातूरच्या पाहुण्याने अ‍ॅप उतरवलं, पण त्याची पिशवी कोण पोचवणार? म्हणून आमच्या रचनेत बक्षीस इन्स्टॉलवर नसतं, नोंदणीवरही नसतं. गाडीच्या ठरलेल्या रस्त्यावरच्या घरी दुसरी ऑर्डर पोचून तिचे पैसे आले, की मगच ते सुटतं. दुसरीच का? पहिली ऑर्डर बक्षिसासाठी कोणीही करतो. आणि रोखीच्या ऑर्डरी दारातून परत पाठवता येतात, म्हणून ‘ऑर्डर केली’ हे पुरत नाही, ‘पैसे दिले’ हेच धरायचं.

हे झालं हिशेबाचं. खरी कसोटी आहे ती कोणी कोणाला आणलं हे हरवू न देण्याची. अँड्रॉइडवर त्याची सोय आहे. निमंत्रणाची लिंक प्ले स्टोअरकडे जाताना तिच्या शेपटीला आणणाऱ्याची खूण बांधता येते:

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.example.kirana&referrer=inv%3Dgul27
```

अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की ते प्ले स्टोअरला विचारतं, हा माणूस कुठल्या लिंकवरून आला? उत्तरात `inv=gul27` मिळतं. आयफोनवर अशी सोय नाही. गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स नावाची सेवा दोन्ही फोनांवरचं हे काम सांभाळायची. तीही २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. ज्यांनी सगळी भिस्त तिच्यावर ठेवली होती, त्यांना सगळं नव्याने बांधावं लागलं.

पण अँड्रॉइडची खूणही टिकते ती त्या लिंकवर बोट ठेवून थेट इन्स्टॉल केलं तरच. गावात तसं होत नाही. गिरणीत दळण टाकून बसलेल्या दोघी बोलतात, एक म्हणते, ‘अगं, माझी डाळ घरपोच येते.’ दुसरी घरी जाते, रात्री मुलगा प्ले स्टोअरमध्ये नाव शोधून अ‍ॅप उतरवतो. खूण कुठेच नाही. शिफारस शंभर टक्के खरी आणि यंत्रणेच्या लेखी ही बाई आपली आपणच आली! महिनाभराने पहिली विचारते, ‘माझी साखर कुठाय?’ तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून लिंकेच्या जोडीला तोंडाने सांगता येईल असा कोड हवा. K7XO0Q असला कोड गिरणीच्या घरघरीत कोण सांगणार? त्यातला ओ कुठला आणि शून्य कुठलं? आम्ही किराण्यातलेच शब्द घेतले: गूळ, हळद, जिरं, पोहे. असे चाळीस शब्द आणि पुढे १० ते ९९ मधला आकडा. म्हणजे ३,६०० कोड, एका पट्ट्याला पुष्कळ. ‘गूळ सत्तावीस’ एकदा ऐकलं की लक्षात राहतं. मात्र तो लिहायला लावायचा नाही. Gul, gool, gud असं कोणी काहीही लिहितं. पडद्यावर चित्रं दाखवायची, गुळाच्या ढेपेवर बोट ठेवायचं आणि आकडा टाकायचा. लगेच प्रश्न येतो, ‘सुनंदाताईंनी सांगितलं ना?’ आकडा चुकला असेल तर इथेच कळतं. फक्त पहिलं नाव दाखवायचं, आडनाव आणि नंबर नाही.

साखर म्हटलं ते सहज नाही. बक्षीस रोख दिलं की सांगणारीची अडचण होते. ‘तुला यात कमिशन मिळतं होय?’ हा एक प्रश्न मैत्रिणीने विचारला की ती पुन्हा कोणाला सांगत नाही. त्याऐवजी दोघींच्या पिशवीत किलोभर साखर गेली, तर ते संक्रांतीच्या वाणासारखं होतं. घेण्यात कमीपणा नाही आणि देणारीलाही मिरवता येतं. निमंत्रणाच्या मेसेजमध्येही समोरच्याला काय मिळेल तेवढंच लिहायचं.

साखरेचा दुसरा फायदा लबाडीच्या बाजूचा. गावाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना चार सिम घालून चार खाती काढायला कितीसा वेळ लागतो? वॉलेटमधले पैसे त्यांना हवेच असतात. खोलीवर चार किलो साखर घेऊन काय करणार? ‘एका पत्त्याला एकच बक्षीस’ हा नियम इथे चालत नाही, कारण हॉस्टेलच्या एका पत्त्यावर खरोखर वेगळी माणसं राहतात. आणि गावात ‘मारुती मंदिरामागे’ हा पाच घरांचा पत्ता असतो. मी पत्त्यापेक्षा फोनसंच आणि यूपीआय खातं जुळतंय का ते पाहतो, आणि शंका आली तर गाडीवाल्याला विचारतो. दार कोण उघडतं हे त्याला माहीत असतं.

त्याच्याकडून आणखी एक काम करून घ्यावं. नव्या घरी पहिली पिशवी देताना त्याने एवढंच विचारायचं, ‘कोणी सांगितलं?’ आणि नाव टिपून ठेवायचं. महिन्याअखेर ती यादी यंत्रणेतल्या नोंदींशी ताडून पाहायची. शंभरातल्या साठ घरांनी कोणाचं तरी नाव घेतलं आणि यंत्रणेत त्यातली पंचवीसच असली, तर पस्तीस शिफारशी वाटेत गळाल्या. हा आकडा कमी करणं म्हणजे आमचं काम. बाकीचे आलेख सभेत दाखवायला ठीक.

गावातली घरं मोजकी असतात. गाडी भरली आणि नव्या कोडांवर जुनीच घरं दुसऱ्या सिमने येऊ लागली, की त्या गावापुरती साखर बंद करावी आणि तिचे पैसे पुढच्या, अर्ध्या रिकाम्या फेरीच्या गावात लावावेत.