परिचयाचें पत्र

चार ओळींत स्वतःची ओळख करून देण्याचा प्रसंग आमच्यावर वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं आला, आणि त्यांत आमची जी फजिती झाली ती वाचकांस सांगावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या वाशीम गांवीं पक्षिनिरीक्षणाचा नाद असलेल्या दहाबारा मंडळींनीं एक लहानसें मंडळ काढलें. त्यांत एक प्राथमिक शाळेंतील गुरुजी, एक औषधविक्रेते, बँकेंतील दोन तरुण, एक गृहिणी व तिची शाळकरी कन्या अशी सर्व तऱ्हेचीं माणसें आहेत. नव्या सभासदानें स्वतःचा परिचय एका पानांत लिहून आणावा आणि मासिक बैठकींत तो वाचावा, असा तेथील प्रघात. गुरुजी हे मंडळाचे चिटणीस. वयानें आमच्या विद्यार्थ्यांएवढे. किंबहुना आमच्याच महाविद्यालयांत ते एक वर्ष आमच्या वर्गांत बसले होते, हें आम्हांस मागाहून कळलें.

आम्हीं पान लिहिलें. म्हणजे सहा पानें लिहिलीं. आरंभ अर्थातच वत्सगुल्मापासून. वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 सालीं येथें विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. 1998 सालीं अकोल्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, हें सर्व आम्हीं सविस्तर सांगितलें. नंतर आमच्या पदव्या आल्या. मग संस्कृत काव्यांतील चक्रवाकाचा विरह, आणि आम्ही तीस वर्षें शिकवीत आलेला शेलेचा चंडोल. शेवटीं नम्रपणें लिहिलें कीं, या शास्त्रांत आम्ही केवळ बालक आहों.

वाचन संपल्यावर टाळ्या झाल्या. गुरुजी मात्र अत्यंत आदरानें म्हणाले, "सर, फार सुंदर. पण यांत तुम्हीं पाहिलेला पक्षी कोणता?"

आम्ही निरुत्तर झालों. आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडील माळावर चंडोल रोज उडतो, हें त्या शाळकरी मुलीनें आम्हांस त्याच बैठकींत सांगितलें. तीस वर्षांत तो आम्हीं एकदांही मान वर करून पाहिला नव्हता. ज्या विषयावर आम्हीं इतक्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्या विषयाची आमची स्वतःची उत्तरपत्रिका कोरीच होती!

गुरुजींनीं सुचविलें कीं, पुढील बैठकीस दुसरें पान आणावें, व त्यांत एकाच पक्ष्याची एकच नोंद असावी. या छंदांतील माणसें परस्परांस अशाच रीतीनें ओळखतात. त्यांच्या या म्हणण्याला आधार फार मोठा आहे. 1908 सालीं मुंबईंत एका शाळकरी मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून त्यास नवल वाटलें. त्याच्या मामांनीं त्यास चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या चिटणिसांकडे, मिलर्डसाहेबांकडे, धाडलें. मिलर्डसाहेबांनीं ती पीतकंठ चिमणी आहे हें सांगितलें आणि संस्थेच्या संग्रहांतील पेंढा भरलेले पक्षी उघडून दाखविले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. चिठ्ठी मामांची होती खरी, पण ओळख झाली ती कागदाच्या पुडींतल्या चिमणीनें आणि "ही कोणती?" या प्रश्नानें.

तेव्हां पुढल्या रविवारीं भल्या पहाटे आम्ही आठपट दाखविणारी दुर्बीण उसनी घेऊन एकबुर्जीच्या जलाशयावर गेलों. पश्चिमेच्या कांठावर उभे राहिलों. सूर्य समोरून वर येत होता. देखावा रमणीय होता. साडेसातच्या सुमारास चिखलाच्या कडेला बुलबुलाएवढा, लांब चोंचीचा, लांब पायांचा एक पक्षी शेंपटी हालवीत चालतांना दिसला. वरून काळसर, खालून पांढरा. आम्ही एक पाऊल पुढें टाकतांच तो उडाला, आणि उडतांना त्याच्या पाठीच्या शेवटीं, शेंपटीच्या मुळाशीं, पांढरा पट्टा लखकन् चमकला. घरीं येऊन पुस्तक उघडलें. पाठ काळसर, पार्श्वभाग पांढरा: हिरवी तुतारी! आम्हीं तसें लिहिलें, तारीख घातली, आणि आमचा प्रवेश झाला असें मानलें.

बैठकींत गुरुजींनीं विचारावयास सुरुवात केली. पांढरा पार्श्वभाग दिसला, म्हणजे सामान्य तुतारी बाद. कारण तिचा तो भाग पाठीसारखाच तपकिरी असतो. पण ठिपकेवाली तुतारी? तिचाही पांढराच. मग पायांचा रंग कसा होता? भुंवईसारखी पांढरी रेघ डोळ्याच्या पुढेंच संपत होती कीं मागेंही जात होती? आवाज कसा होता? आम्हांस यांतलें कांहीं स्मरेना. शेवटीं त्यांनीं विचारलें, "पंखांची खालची बाजू?"

हें उत्तर आम्हांस ठाऊक होतें, कारण तें पुस्तकांत होतें. हिरव्या तुतारीचे पंख खालून काळपट असतात. आम्हीं म्हटलें, "काळपट." गुरुजींनीं मान डोलावली आणि वहींत लिहून घेतलें.

वाचकहो, आम्हीं खोटें बोललों असें त्या क्षणीं आम्हांस वाटलेंही नाहीं. पुस्तकांतील चित्र पाहिल्यानंतर तो पंख आमच्या डोळ्यांपुढें काळपटच दिसत होता. परीक्षेंत विद्यार्थी न वाचलेल्या पुस्तकावर मत देतो, तेव्हां त्यासही बहुधा असेंच वाटत असावें. रात्रीं मात्र झोंप येईना. वहींत गेलेली नोंद आमच्यापेक्षां अधिक जगणार होती. पंचवीस वर्षांनीं कोणी या जलाशयाच्या पक्ष्यांची यादी करील, तेव्हां एक तुतारी एका प्राध्यापकाच्या भिडेखातर तेथें बसलेली असेल!

पुढील रविवारीं आम्ही पुनः गेलों. या खेपेस पूर्वेच्या कांठानें, सूर्य पाठीशीं घेऊन. तेथें एक भोई जाळें आवरीत होता. "काय पाहून राह्यले जी?" त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें. "ते व्हय? ते त तिकडच्या गाळात तीन-चार हायेत. रोजच असतेत." त्यानें बोट दाखविलें. खरोखरच तेथें तीन होत्या.

आणि काय आश्चर्य! पाठ मुळींच काळी नव्हती. ती तपकिरी असून तिच्यावर फिकट ठिपके दाट विखुरलेले होते. मागच्या खेपेस सूर्य समोर होता. उलट्या उजेडांत तपकिरी रंग काळा होतो आणि ठिपके नाहींसे होतात. आम्ही देखाव्याला भुललों आणि उजेडाचा विचार केला नाहीं. या वेळीं पुस्तक घरींच ठेविलें होतें, व जें दिसेल तें दिसतांच पेन्सिलीनें लिहीत होतों. पाय पिंवळसर. पांढरी भुंवई डोळ्यांच्या बरीच मागेंपर्यंत गेलेली. अर्ध्या तासानें घार वरून गेली आणि तिन्ही उडाल्या. 'चिफ्-इफ्-इफ्' असा बारीक, भरभर आवाज. पाय शेंपटीच्या बाहेर स्पष्ट आलेले. आणि पंख खालून फिकट, जवळजवळ पांढुरके. ठिपकेवाली तुतारी, यांत शंका उरली नाहीं.

तसेंच आम्ही गुरुजींच्या घरीं गेलों. त्यांच्या पत्नीनें चहा दिला. कप खालीं ठेवून आम्हीं सांगितलें कीं, मागच्या बैठकींत पंखाविषयीं आम्हीं जें बोललों, तें पाहिलेलें नव्हतें, वाचलेलें होतें. गुरुजी कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं वही काढली. आम्ही म्हणालों, "हिरवी खोडा आणि ठिपकेवाली लिहा."

"सर, आजची ठिपकेवाली लिहितों," ते म्हणाले. "पण मागच्या रविवारची तीच होती, हें आपण कशावरून म्हणावें? हिरवीही येथें येतेच. ती बहुधा एकटी असते, आणि तुम्हांला त्या दिवशीं एकच दिसली होती. मागची नोंद 'तुतारी, जात अनिश्चित' अशी करूं या."

आम्हीं पाहत राहिलों. एक चूक सुधारण्याच्या उत्साहांत आम्ही दुसरी करीत होतों, आणि ती आमच्या या जुन्या विद्यार्थ्यानें थांबविली. "हें तुम्हांस कोणीं शिकविलें?" आम्हीं विचारलें. ते हंसले. "मीही पहिल्या वर्षीं भोवत्या पाहून गरुड लिहिला होता, सर. वहीच्या पहिल्या पानावर आहे. खोडला आहे, पण फाडला नाहीं."

त्यानंतरच्या बैठकींत आम्हीं तिसरें पान वाचलें. तें आतां मंडळाच्या वहींत चिकटविलेलें आहे, आणि येथें तें जसेंच्या तसें देतों:

"सर्व सभासदांस नमस्कार. मी वाशीम येथें इंग्रजी शिकवितों. पक्षी पाहूं लागून तीन आठवडे झाले. एकबुर्जी जलाशय, पूर्व कांठ, रविवार, सकाळीं सात ते साडेआठ. ऊन पाठीमागून, अंतर सुमारें चाळीस पावलें. ठिपकेवाली तुतारी, तीन. पाठीवर ठिपके, भुंवई डोळ्यामागें गेलेली, पाय पिंवळसर, पंख खालून फिकट. हें चारही दुर्बिणींतून पाहिलें. आवाज ऐकला. शेंपटीवरचे पट्टे दिसले नाहींत. जागा एका भोई गृहस्थानें दाखविली. मागील बैठकींत मीं एक गोष्ट न पाहतां पाहिली म्हणून सांगितली, ती मागें घेतों. माळावरचा चंडोल अजून नीट ओळखतां येत नाहीं. कोणी बरोबर येईल काय?"

या वेळीं टाळ्या झाल्या नाहींत. ती शाळकरी मुलगी उठून म्हणाली, "मी येईन, आजोबा. पण सकाळीं सहाला यावं लागेल, आणि पांढरा सदरा घालायचा नाहीं."