दंडमाफीचा अर्ज: काय लिहायचं, काय गाळायचं

पुतण्याच्या ट्रॅक्टर कर्जाचा सहामाही हप्ता यंदा पाच दिवस उशिरा भरला गेला. हप्ता 68,000 चा, तारीख 31 जानेवारी. तूर दुधनीच्या बाजारात 27 लाच विकली होती, पण आडतीचे पैसे खात्यावर पडले 5 फेब्रुवारीला. त्याच दिवशी हप्ता भरला. तरी पासबुकात दोन नोंदी आल्या: दंड 1,360 आणि हप्ता परत गेल्याचे 295.

त्यानं माफीचा अर्ज लिहून मला दाखवला. दीड पान! पाऊस, अळी, पडलेला भाव, घरातलं लग्न, सगळं त्यात. कर्ज खात्याचा नंबर तेवढा नव्हता. मी म्हटलं, बाळा, "पीक गेलं, फार अडचण आहे" असं वाचलं की साहेबाला वाटणार पुढचा हप्ताही अडकतोय. आपलं म्हणणं तर उलटं आहे. पैसे होते, यायला उशीर झाला.

मग खोडत खोडत एवढंच ठेवलं:

"विषय: ट्रॅक्टर कर्ज खाते क्र. (पूर्ण नंबर), दंड 1,360 रुपये माफ करणेबाबत. 31 जानेवारीचा 68,000 रुपयांचा हप्ता मी 5 फेब्रुवारीस भरला. 27 जानेवारीस विकलेल्या तुरीची रक्कम 5 फेब्रुवारीस खात्यावर जमा झाली. यापूर्वीचे सातही हप्ते वेळेत भरले आहेत. तरी सदर दंड व हप्ता परत गेल्याचे 295 रुपये या वेळेपुरते माफ करून खात्यात जमा करावेत, ही विनंती. सोबत: आडत पट्टी, पासबुकाच्या पानांची झेरॉक्स."

खाली सही, मोबाईल नंबर. दोन्ही रकमा वेगळ्या लिहिल्या, कारण बँकेत त्यांची खाती वेगळी असतात. नुसतं "चार्जेस माफ करा" म्हटलं तर कुठला ते त्यांनाच शोधावं लागतं.

नियमाचं म्हणाल तर 1 एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं दंड व्याजाच्या रूपात लावायला मनाई केलीय, आणि दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याजही घेता येत नाही. तसं झालं असेल तर ती विनंती नाही, तक्रार आहे, ती वेगळी लिहा. वाजवी दंड माफ करणं मात्र बँकेच्या मर्जीवर.

पीक कर्जाचं गणित निराळं. तिथं वेळेत भरल्यावर व्याजात मिळणारी 3 टक्के सवलत केंद्र सरकारची. तारीख हुकली की ती जाते, शाखेतला साहेब असल्या अर्जावर परत देऊ शकत नाही. त्यासाठी कागद वाया घालवू नका.

अर्ज दोन प्रतींत नेला, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. अकरा दिवसांनी 1,360 खात्यावर उलटे जमा झाले. 295 काही मिळाले नाहीत.