आप्पांचा आहारतक्ता, मावशींच्या मराठीत

आप्पांच्या रक्तात पोटॅशियम 5.6 निघालं. साधारणपणे ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवं. किडनी थकली की पोटॅशियम लघवीवाटे पुरेसं बाहेर पडत नाही, रक्तात साचतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून नेफ्रॉलॉजिस्टनी औषधांबरोबर आहारतज्ज्ञांकडेही पाठवलं, आणि तिथून घरी आला एक तक्ता. सात दिवस, दिवसाचे सहा वेळचे खाणे, सगळं इंग्रजीत. खाली मर्यादा लिहिलेल्या होत्या: प्रथिनं 40 ग्रॅम, मीठ 4 ग्रॅम, पोटॅशियम कमी.

इंदूरच्या आमच्या घरी स्वयंपाक करतात त्या मावशी. माहेर रावेरकडचं, सासर बुऱ्हाणपूरचं, शाळा सातवीपर्यंत आणि तीही मराठी. इंदुरात आल्यापासून बाजारहाट हिंदीत होतो, पण वाचायचं असेल तर त्यांना मराठीच हवं. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, जेवणाची सगळी भिस्त त्यांच्यावर. तेव्हा तक्ता मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली अडचण डाळींची. इंग्रजीत तुरीला ‘रेड ग्रॅम’ म्हणतात. शब्दावर गेलं तर कुणीही मसूर समजेल. ‘ब्लॅक ग्रॅम’ म्हणजे उडीद, पण वाचताना काळे हरभरे डोळ्यांपुढे येतात. हरभरा मात्र ‘बेंगॉल ग्रॅम’. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे घटक सांगणारे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात पदार्थांची प्रादेशिक भाषांतली नावंही दिली आहेत. शंका आली की मी ते उघडून खात्री करून घेत असे.

पण इंदुरात एवढ्यानं भागत नाही. इथे एका भाजीला घरात एक नाव आणि ठेल्यावर दुसरं. घोसाळं म्हणजे इथली गिलकी, दोडका म्हणजे तुरई, दुधी म्हणजे लौकी. उपासाची भगर किराणा दुकानात मोरधन म्हणून मागावी लागते. फळांत तर खरा धोका होता. तक्त्यात ‘पेअर’ होतं, म्हणजे नासपती; तिच्यात पोटॅशियम कमी. ऐकणाऱ्याला ते पेरू वाटू शकतं, आणि पेरूत पोटॅशियम बरंच जास्त. त्यात इंदूरचा भाजीवाला पेरूला जाम म्हणतो. म्हणून प्रत्येक जिन्नस दोन्ही नावांनी लिहिला: ‘घोसाळं, ठेल्यावर गिलकी’, ‘नासपती, पेरू नव्हे, जाम नव्हे’.

लिहून झालं की मावशींना वाचून दाखवायचं आणि मग विचारायचं, “आता हे तुम्ही कसं कराल, सांगा.” ‘समजलं का’ असं विचारलं की माणूस हो म्हणतो, कसं कराल विचारलं की खरं काय समजलं ते बाहेर येतं. मंगळवारच्या नाश्त्याला ‘दलिया 40 ग्रॅम’ होता. मावशी म्हणाल्या, “डाळं ना ताई? चिवड्यात घालतो ते? ते भिजवू की कोरडंच देऊ?” हिंदीतला दलिया म्हणजे गव्हाचा भरडा. आपलं डाळं म्हणजे भाजलेला हरभरा. एकात प्रथिनं आणि पोटॅशियम बेताचं, दुसऱ्यात दोन्ही भरपूर. त्या ओळीत मग ‘लापशीचा रवा’ असं आलं.

मापांचंही तसंच. तक्त्यातली वाटी 150 मिलिलिटरची आणि चमचा 5 मिलिलिटरचा धरलेला असतो. आमच्या घरातली आमटीची वाटी पाण्यानं मोजली तर 200 च्या वर भरली. तेलासाठी मावशी जो चमचा म्हणत, ती खरं तर छोटी पळी. औषधाच्या मापानं पाणी मोजून एक वाटी आप्पांची म्हणून वेगळी काढली, तिच्या आत 150 ची खूण केली. डाळीच्या वजनापुढे तक्त्यात ‘रॉ’ असा बारीक शब्द होता. 30 ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 7 ग्रॅम प्रथिनं असतात. शिजलेलं वरण 30 ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. तेव्हा लिहिलं: ‘तूरडाळ कोरडी, धुण्याआधी तोललेली, 30 ग्रॅम.’

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका शब्दावर. भाज्यांच्या पुढे कंसात ‘लीच्ड’ एवढंच होतं. त्याला मराठी प्रतिशब्द शोधून उपयोग नव्हता, कारण तो शब्द म्हणजे एक अख्खी कृती आहे. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून भाजीतून ते पाण्यात उतरवायचं आणि पाणी टाकून द्यायचं. कागदावर ते असं उतरलं:

‘भाजी सोलून पातळ, लहान फोडी करा. मोठ्या पातेल्यात भरपूर कोमट पाण्यात भिजत ठेवा. ते पाणी मोरीत ओता. ताज्या, भरपूर पाण्यात फोडी उकळा, शिजल्या की चाळणीवर निथळा. हेही पाणी मोरीत ओता. मग फोडणी द्या.’

नुसतं भिजवण्यापेक्षा उकळून पाणी काढल्यानं पोटॅशियम जास्त कमी होतं, आणि फोडी जितक्या लहान तितकं बरं. कुकरमध्ये अंगच्या पाण्यात शिजवलेली किंवा वाफवलेली भाजी या कामाची नाही. सगळं पोटॅशियम तिच्यातच राहतं. या कृतीत काही जीवनसत्त्वंही वाहून जातात. हे आहारतज्ज्ञांना ठाऊक असतं आणि ती किंमत त्यांनी हिशेबात धरलेली असते.

‘मोरीत ओता’ हे दोनदा लिहिण्याला कारण होतं. मावशींचा हात सुगरणीचा. भाजीचं पाणी त्या कधी फेकत नाहीत. त्यात कणीक भिजवतात, नाहीतर आमटीला लावतात. पुरणाच्या डाळीचा कट निघाला की त्याची आमटी ठरलेली. एरवी ही सवय उत्तम, पण आप्पांच्या ताटापुरती ती उलटी पडते, कारण पोटॅशियम त्या पाण्यातच असतं. नुसतं ‘पाणी काढा’ लिहिलं असतं तर ते पातेल्यात निघून कणकेत गेलं असतं. कारण समजल्यावर मावशींनी स्वतःच विचारलं, “मग कटाची आमटीही आप्पांना नको ना?” तक्त्यात कुठेही नसलेला हा प्रश्न होता. ती ओळ आम्ही ‘नको’च्या यादीत घातली.

मिठाचं भाषांतर करताना बाजारात काय मिळतं तेही बघावं लागलं. ‘लो सॉल्ट’चं ‘कमी मीठ’ केलं की दुकानदार कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट पुढे करतो. त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून ते विकलं जातं, पण पोटॅशियम वाढलेल्या माणसाला तेच घातक. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये अशा पर्यायी मिठाची शिफारस केली, तेव्हा किडनीचा विकार असलेल्यांना त्यातून वगळलं आहे. सैंधवाचा उलटा गैरसमज. उपासाला चालतं म्हणून ते सौम्य वाटतं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कागदावर लिहिलं: ‘नेहमीचंच मीठ, मोजून. कमी सोडियमचं पाकीट आणू नये. सैंधवही मापात धरावं.’

4 ग्रॅम मीठ म्हणजे सपाट चमच्याला थोडं कमी. मावशींनी त्याची सोपी युक्ती काढली. सकाळी ते एका डबीत काढून ठेवायचं आणि दिवसभर आप्पांच्या जेवणाला त्यातूनच घ्यायचं. डबी संपली की मीठ संपलं. कणकेत मीठ नाही. आमटीत मीठ आणि चिंच पडण्याआधी आप्पांची वाटी वेगळी निघते. लोणचं आणि पापड बंद.

आप्पांचे पोहे सुटतील याची धास्ती होती. इंदूरचा माणूस सकाळी पोहे खातोच. तक्ता नीट वाचल्यावर दिसलं की अडचण पोह्यांची नाहीच. पोहे तांदळाचे, त्यात पोटॅशियम फारसं नसतं. अडचण वरच्या शेवेची, जीरावनाची आणि शेंगदाण्यांची. शेव आणि जीरावन मिठानं भरलेलं, शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस. म्हणून बुधवारच्या नाश्त्याची ओळ अशी झाली: ‘पोहे कोरडे 40 ग्रॅम, कांदा थोडा, कोथिंबीर चिमूटभर, लिंबाचे चार थेंब. शेव, जीरावन, दाणे, बटाटा नाही.’ एकादशीलाही हाच विचार. साबुदाणा बहुतेक नुसता स्टार्च. धोका दाण्याच्या कुटाचा, बटाट्याचा, रताळ्याचा आणि उपासाला हमखास येणाऱ्या नारळपाण्याचा. आहारतज्ज्ञांना विचारल्यावर त्यांनी भगरीला होकार दिला, त्यामुळे आप्पांचा उपास मोडला नाही.

मूळ तक्त्याची मांडणी मात्र बदलावी लागली. आहारतज्ज्ञ वारांप्रमाणे विचार करतात, स्वयंपाक करणारी बाई कामांप्रमाणे. सात उभ्या रांगांऐवजी मोठ्या अक्षरांतले कागद केले. एक ‘रोज करायचं’: मिठाची डबी, भाजी भिजवणं, पाणी ओतणं. सात वारांचे सात, प्रत्येकाच्या वर आदल्या रात्रीचं काम. शेवटचा ‘आप्पांना नको’: केळं, मोसंबी, नारळपाणी, चिकू, सुकामेवा, टोमॅटोचं सार, कटाची आमटी. ही यादी घरातल्या बाकीच्यांसाठी नाही हेही तिथे लिहिलं, कारण मावशींनी सगळ्यांचंच टोमॅटोचं सार बंद करायला घेतलं होतं.

मराठी झाल्यावर हे कागद परत आहारतज्ज्ञांना दाखवले, एकेक ओळ वाचून. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि प्रत्येक कागदावर रक्ततपासणीची तारीख घालायला सांगितली. हा तक्ता त्या तारखेच्या रिपोर्टवर बेतलेला आहे. पुढचा रिपोर्ट आला की जुने कागद काढून टाकायचे. पुढे कधी डायलिसिस लागलं तर हिशेबच फिरतो. डायलिसिसपूर्वी दर किलो वजनाला साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं देतात, तर डायलिसिस सुरू झाल्यावर 1 ते 1.2 ग्रॅम, कारण त्या प्रक्रियेत प्रथिनं गमावली जातात.

शेजारच्या दोघांनी या कागदांची झेरॉक्स मागितली. ती दिली नाही. एकाला मधुमेह, दुसऱ्याचं डायलिसिस चालू. तुमच्या घरात असा तक्ता आला तर तो मराठीत जरूर करा, वाटी आणि चमचा मोजून करा, आणि लिहून झाल्यावर आपल्याच आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. दुसऱ्याच्या घरचा कागद मात्र वापरू नका, आणि आपला कुणाला देऊ नका.