उत्तरेस गंगा, दक्षिणेस लवण

विष्णुपुरीच्या शेताच्या वाटणीचं काम निघालं तेव्हा वकिलांनी जुना दस्त मागितला. आजीच्या पेटीत तो कापडात गुंडाळलेला होता. वर निजामी स्टँप, त्यावरचा मजकूर उर्दूत आणि खाली सगळा मोडी. आधी ओढलेल्या आडव्या रेघेला लोंबणारी अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, कुठे पूर्णविराम नाही. पैसे देऊन एकाकडून त्याचं देवनागरी करून घेतलं, तर पणजोबांनी शेत विकलं होतं असा अर्थ निघाला. विकलं असेल तर 1954 च्या खासऱ्यात आमचंच नाव कसं? भावकीत यावरून बोलाचाली झाली आणि मला झोप लागेना.

मग नांदेडला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली मोडी गिरवलेली. "अक्षर लागलं म्हणजे अर्थ लागला असं समजू नका," ते म्हणाले. त्यांनी एका कागदावर तीन रकाने आखले: दस्तातला शब्द, आजची मराठी, इंग्रजी. समोर मोल्सवर्थचा कोश आणि माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश ठेवला.

पणजोबांच्या नावापुढे 'बिन' होतं. आज बिन म्हणजे शिवाय. दस्तात त्याचा अर्थ 'चा मुलगा', इंग्रजीत 'सन ऑफ'. पुढे 'रुपये 350 हाली'. पहिल्या वाचकाने तिथे 'सध्या' लिहिलं होतं. हाली म्हणजे निजामाचा हाली शिक्का, हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हालींना सहा कलदार हा भाव धरला तर आमचे साडेतीनशे म्हणजे तीनशे कलदार.

तारीख होती 12 इस्फंदार 1338 फसली. आपल्याकडच्या फसलीत 590 मिळवायचे, हे मला ठाऊक होतं. मी 1928 म्हणालो. गुरुजींनी थांबवलं. हे फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई. इस्फंदार चौथा महिना, म्हणजे जानेवारी उजाडलेला. तिथून पुढे 591 मिळवायचे. दस्त 1929 चा.

चतुःसीमेत 'उत्तरेस गंगा' होतं. हे मला कुणी सांगायला नको, गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पण इंग्रजी रकान्यात 'रिव्हर गोदावरी' लिहिलं नाही तर परका माणूस शेत काशीला नेऊन ठेवेल. 'दक्षिणेस लवण' याचं मात्र पहिल्या वाचकाने 'मीठ' केलं होतं. लवण म्हणजे पावसाचं पाणी वाहून जाणारा खोलगट पट्टा. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला तो आजही आहे, आणि काका त्याला लवणच म्हणतात.

खरी गाठ नवव्या ओळीशी होती. कागदाची घडी तिथेच, शाई फुटलेली. पहिल्या वाचकाने दहाव्या ओळीपासून धरलं होतं: 'खरेदी करून दिली'. गुरुजींनी कागद खिडकीशी तिरका धरला. नवव्या ओळीच्या टोकाला, घडीत बसलेली तीन अक्षरं होती: मु, द, त. मोडीत शब्द ओळीच्या टोकावर तुटला तरी जोडरेघ देत नाहीत, वाचणाऱ्याने दोन टोकं स्वतः जुळवायची. शब्द होता 'मुदतखरेदी'. पाच सालांत रक्कम फेडली तर जमीन परत, नाही तर ती घेणाऱ्याची. इंग्रजी रकान्यात गुरुजींनी 'मॉर्गेज बाय कंडिशनल सेल' असं लिहिलं आणि शेजारी टीप केली: हे गहाण की परतखरेदीच्या अटीची विक्री, ते कोर्ट दस्ताच्या सगळ्या शब्दांवरून ठरवतं, एका शब्दावरून नाही.

फेड झाली होती का? गुरुजींनी कागद पालथा केला. पाठीवर दीड ओळ, शाई वेगळी, हात वेगळा. 'सदरहू ऐवज भरून पावलो.' खाली 1342 फसली, म्हणजे मुदतीच्या आत. ऐवज म्हटलं की आपल्याला चोरीची बातमी आठवते, आणि भरून पावलो आपण वैतागून म्हणतो. दस्तात ऐवज म्हणजे रक्कम आणि भरून पावलो म्हणजे 'रिसीव्ड इन फुल'. हेच दोन शब्द पुढच्या बाजूलाही होते, पण तिथे ते पणजोबांच्या तोंडचे: साडेतीनशे मिळाले म्हणून. मागचे सावकाराचे: साडेतीनशे परत आले म्हणून. दोन्ही बाजू नुसत्या शब्दांवर वाचल्या तर एकच पावती दोनदा लिहिली आहे असं वाटावं. हात आणि साल पाहिल्यावर उलगडा होतो.

पाठीवरची नोंद रजिस्टर झालेली नाही, तेव्हा ती पुराव्यात किती टिकेल हे वकिलांनाही सांगता येईना. तरी तीन रकान्यांचा कागद मी दस्ताबरोबर जोडला.

साक्षींच्या खाली पणजोबांची सही नाही. तिथे 'निशाणी नांगर' असं लिहिलंय आणि शेजारी शाईने काढलेला, बोटाच्या पेराएवढा नांगर. फाळ किंचित वाकडा आहे. त्या ओळीसमोरचे उरलेले दोन्ही रकाने गुरुजींनी मोकळे सोडले.